लिव्हरला न परवडणारी लढाई

एकच बलाढ्य कंपनी ठाण मांडून बसलेल्या बाजारात नवा माल घेऊन उतरणाऱ्याला दोन सल्ले हमखास मिळतात. तिच्यापेक्षा चांगला माल काढा, नाहीतर तिच्यापेक्षा स्वस्त विका. दोन्ही सल्ले अर्धवट आहेत. चांगला माल काढला, तर मोठी कंपनी थोड्याच दिवसांत तसाच माल काढते; प्रयोगशाळा तिच्याकडे, माणसं तिच्याकडे. स्वस्त विकला, तर ती काही महिने तोटा सोसून भाव पाडते आणि नव्या माणसाचं भांडवल आधी संपतं. खरा प्रश्न वेगळा आहे. मोठ्या कंपनीला सगळं दिसत असताना, हातात पैसा असताना, तरीही उत्तर देणं तिला महागात पडेल, अशी जागा बाजारात कुठे आहे? ती सापडली तर नव्या मालाला काही वर्षांचा अवधी मिळतो. नाही सापडली तर बाकी कशाचाच उपयोग होत नाही.

भारतात या प्रश्नाचं सर्वांत स्वच्छ उत्तर अहमदाबादच्या एका सरकारी रसायनतज्ज्ञाने दिलं. करसनभाई पटेल यांच्या निरमाची गोष्ट आपल्याकडे बहुतेकांना माहीत असते, पण ती आठवते ती जाहिरातीपुरती. पांढऱ्या फ्रॉकमधली गिरक्या घेणारी मुलगी आणि ते गाणं. माझं मत असं आहे, की गाण्याने निरमा मोठा केला हे अर्धसत्यसुद्धा नाही. माल बाजारात आला 1969 साली. रेडिओवर गाणं आलं 1975 च्या सुमारास आणि दूरदर्शनवर ऐंशीच्या दशकात. मधल्या वर्षांत जे घडलं, ते समजून घेण्यासारखं आहे.

आधी बाजार कसा होता ते पाहू. मुंबईत मुख्यालय असलेल्या हिंदुस्तान लिव्हरने 1959 साली सर्फ भारतात आणला. कपडे पावडरने धुवायचे ही कल्पनाच इथे नवी होती. तोपर्यंत घरोघरी साबणाची वडी होती. कपडा दगडावर पसरायचा, वडी फिरवायची, घासायचं, आपटायचं. साबण तेलापासून बनतो आणि विहिरीच्या, कूपनलिकेच्या जड पाण्यात तो नीट फेस देत नाही. पाण्यातल्या कॅल्शियमशी त्याचं जमत नाही आणि कपड्यावर राखाडी थर बसतो. डिटर्जंट पावडरला हा त्रास बराच कमी. बादलीत पावडर टाका, कपडे भिजत घाला, थोड्या वेळाने हलकेच चोळा. मेहनत वाचते, हे एकदा वापरलेल्या कोणालाही कळत होतं. लिव्हरने प्रात्यक्षिकं दाखवून, जाहिराती करून ही सवय शहरी मध्यमवर्गात रुजवली. अडचण किमतीची होती. निरमा आला त्या काळात सर्फचा भाव किलोला 13 रुपयांच्या आसपास होता. गिरणी कामगाराच्या, शाळामास्तराच्या घरात ही पावडर लोकरीच्या स्वेटरसाठी किंवा सणाच्या कपड्यांसाठी जपून वापरायची वस्तू होती. रोजचं धुणं वडीवरच चालायचं.

म्हणजे लिव्हरने दोन गोष्टी केल्या होत्या. पावडरने धुणं सोपं होतं हे देशाला पटवलं होतं आणि ती पावडर देशातल्या बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेर ठेवली होती. ज्याला हवं आहे पण परवडत नाही, असा मोठा गिऱ्हाईकवर्ग बाजारातल्या मोठ्या कंपनीनेच तयार केला होता आणि तो तिच्या हिशेबात नव्हता. नव्याने उतरणाऱ्याने सर्वांत आधी शोधायची ती ही माणसं. सर्फ वापरणारी बाई पहिल्या दिवशी निरमाला नकोच होती.

करसनभाई गुजरात सरकारच्या भूगर्भ आणि खाण खात्यात नोकरीला होते. नोकरी सांभाळून त्यांनी घराच्या अंगणात पावडर बनवायला सुरुवात केली. ती कशी बनते, हे सविस्तर सांगायला हवं, कारण सगळी चाल त्या अंगणातच आहे.

डिटर्जंटचा जीव म्हणजे एक दाट, काळपट तपकिरी आम्लधर्मी द्रव. धंद्यात त्याला अॅसिड स्लरी म्हणतात. दुसरा घटक सोडा अॅश, म्हणजे धुण्याच्या सोड्याची पांढरी भुकटी. जमिनीवर सोडा अॅशचा ढीग करायचा, त्यात अॅसिड स्लरी ओतत फावड्याने मिश्रण वरखाली करायचं. आम्ल आणि सोडा एकमेकांना भिडले की मिश्रण तापतं, वायू निघून ते फुगतं आणि पिवळसर, ओलसर ढेकळं तयार होतात. ती काही तास तशीच पसरून ठेवायची, थंड आणि कोरडी होऊ द्यायची, मग फोडून चाळणीतून काढायची आणि प्लास्टिकच्या पिशवीत भरायची. अॅसिड पुरून उरेल इतका सोडा घातलेला असतो. उरलेला सोडाही मळ काढायला मदत करतो.

सर्फची पद्धत निराळी. तिथे सगळे घटक पाण्यात कालवून त्याची दाट पेज करायची, ती उंच मनोऱ्याच्या माथ्यावरून दाबाने फवारायची आणि खालून गरम हवा सोडायची. थेंब खाली येईपर्यंत सुकतात आणि हलके, पोकळ दाणे मिळतात. पाण्यात पटकन विरघळणारी, दिसायला देखणी पावडर तयार होते. पण मनोरा उभारायला मोठं भांडवल लागतं आणि आधी घातलेलं पाणी उडवून लावण्यासाठी इंधन जाळावं लागतं. त्यात जड पाणी मऊ करणारं फॉस्फेट, कपड्याला उजळपणा देणारं रसायन, सुगंध, रंग आणि पुठ्ठ्याचं खोकं यांचा खर्च वेगळा.

निरमात यातलं काहीच नव्हतं. फॉस्फेट नाही, सुगंध नाही, उजळपणाचं रसायन नाही, मनोरा नाही, खोकं नाही. शिवाय काम हाताने चालत असल्यामुळे, विजेच्या यंत्रांशिवाय चालणाऱ्या लहान उत्पादकांना अबकारी करात जी सूट होती तीही मिळाली. कच्चा मालही जवळ होता. सोडा अॅशचे मोठे कारखाने सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरच, मिठापूरला आणि पोरबंदरला. अहमदाबादला हा माल आणायला लांबचा प्रवास नव्हता. सुरुवातीला करसनभाई ही पावडर किलोला 3 ते 3.50 रुपयांना विकत.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. सर्फच्या चौथाई किमतीत माल विकताना निरमा तोटा सोसत नव्हता. नफा थोडा होता, पण प्रत्येक किलोमागे होता. गिऱ्हाईक मिळवण्यासाठी पदरचे पैसे घालून भाव पाडणं आणि खर्चाचा ढाचाच वेगळा असल्यामुळे भाव कमी असणं, या दोन गोष्टी दुकानात सारख्या दिसतात. पहिली पैसे संपले की थांबते. दुसरी कितीही काळ चालते आणि जितका माल जास्त खपेल तितकी पक्की होते. नव्या मालाची किंमत ठरवताना यातली आपली कुठली, हे कागदावर मांडून पाहिल्याशिवाय एक पिशवीसुद्धा भरू नये.

मग लिव्हरने काय करायला हवं होतं? तिच्याकडे रसायनतज्ज्ञ होते. अॅसिड स्लरी आणि सोडा अॅश मिसळणं त्यांना माहीत नव्हतं असं मुळीच नाही. देशभर घाऊक व्यापाऱ्यांचं जाळं होतं, जाहिरातीला पैसा होता. तरी पहिली कित्येक वर्षं कंपनीने या पिवळ्या पावडरकडे लक्ष दिलं नाही. हा आपला बाजार नाही, हे आपलं गिऱ्हाईक नाही, अशी तिची समजूत होती. याला अहंकार म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण आकडे मांडून पाहिले, तर त्या वेळी तिचं वागणं हिशेबाला धरूनच होतं.

आकडे मी समजण्यापुरते घेतो, ते लिव्हरचे खरे आकडे नाहीत. समजा सर्फच्या एका किलोमागे कंपनीला 2 रुपये नफा आहे. निरमाला टक्कर देण्यासाठी सर्फचा भाव 13 वरून 10 रुपयांवर आणला, तर आज ज्या गिऱ्हाइकांकडून 13 रुपये मिळतात त्या सगळ्यांकडून किलोमागे 3 रुपये कमी मिळतील. नफा जाऊन 1 रुपया तोटा. आणि एवढं करूनही साडेतीन रुपयांची पावडर घेणारी बाई 10 रुपयांच्या पावडरकडे वळणार नाहीच. म्हणजे ही वाट बंद.

दुसरी वाट म्हणजे वेगळ्या नावाने स्वस्त पावडर काढायची. समजा तिच्यावर किलोमागे 25 पैसे नफा आहे. आता सर्फ वापरणारं एक गिऱ्हाईक जरी या स्वस्त पावडरकडे वळलं, तरी कंपनीचे 2 रुपये जातात आणि 25 पैसे येतात. नुकसान पावणेदोन रुपयांचं. ते भरून काढायला 7 अगदी नवी गिऱ्हाइकं लागतील. लिव्हरचा स्वस्त माल म्हटल्यावर सर्फवाल्या बाया त्याकडे वळणार ही भीती खरी होती. कंपनीचं नावच तेवढं विश्वासाचं होतं. म्हणजे स्वतःच्याच हाताने स्वतःचं सोन्याचं अंडं फोडण्यासारखं झालं असतं. करसनभाईंना असं काहीच गमवायचं नव्हतं. त्यांच्यासाठी आलेले 25 पैसे हे निखळ 25 पैसे होते.

निरमाला मिळालेली जागा ती हीच. लिव्हर अशक्त होती म्हणून ती सापडली नाही. उलट सर्फचा नफा भरघोस होता म्हणूनच लिव्हरचे हात बांधलेले होते. मोठ्या कंपनीची कमजोरी शोधताना लोक तिच्या तक्रारी गोळा करतात, तिचे दुखावलेले गिऱ्हाईक शोधतात. त्यापेक्षा तिचा सर्वांत जास्त पैसा कुठून येतो ते पाहावं. तो पैसा धोक्यात घातल्याशिवाय ज्या हल्ल्याला उत्तर देता येत नाही, तो हल्ला ती बराच काळ सहन करते.

हा काळ निरमाने कसा वापरला? सुरुवातीला करसनभाई सायकलवर पावडर लादून अहमदाबादच्या वस्त्यांमध्ये दारोदार विकत. पसंत पडली नाही तर पैसे परत, अशी हमी देत. दारोदार विकण्यात कष्ट आहेत आणि त्यातून विक्री फार वाढत नाही, पण त्यात एक अशी माहिती मिळते जी दुकानातून मिळत नाही. त्याच गल्लीत पुन्हा गेलं की कळतं, मागच्या वेळी पिशवी घेतलेल्या घराने दुसरी घेतली की नाही. पहिली पिशवी कोणीही भावाला भुलून घेतं. दुसरी पिशवी धुतलेल्या कपड्याकडे पाहून घेतली जाते. नवा माल चालणार की नाही याची खूण दुसऱ्या पिशवीत असते, आणि पैसे परत देण्याच्या हमीमुळे नापसंतीही तोंडावर कळते. आजही नव्या मालाचे मालक पहिल्या महिन्याच्या विक्रीचे आकडे आनंदाने दाखवतात. त्यातली किती विक्री पुन्हा घेणाऱ्यांची, असं विचारलं की गप्प होतात.

दारोदार विक्रीपासून दुकानापर्यंत जाताना दुसरी अडचण येते. ती उधारीची. किराणा दुकानदार नव्या मालाला जागा देतो, पण पैसे माल खपल्यावर. मोठी कंपनी ही उधारी महिनोन्महिने सोसू शकते. लहान माणसाचं सगळं भांडवल दुकानांच्या फळ्यांवर अडकतं आणि नफ्यात चालणारा धंदा रोख नाही म्हणून बंद पडतो. नव्या मालाचे असे मृत्यू जाहिरातीच्या अभावाने होणाऱ्या मृत्यूंपेक्षा कितीतरी जास्त असतात.

निरमाबद्दल या संदर्भात एक हकिकत नेहमी सांगितली जाते. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला दुकानांमध्ये माल पडून होता आणि वसुली अडली होती. तेव्हा करसनभाईंनी आपल्या माणसांना बाजारात पाठवून पैसे द्या नाहीतर माल परत करा, असं सांगायला लावलं आणि बहुतेक माल दुकानांतून उचलला. त्यानंतर दूरदर्शनवर ती जाहिरात महिनाभर दाखवली. लोक दुकानात जाऊन निरमा मागू लागले आणि दुकानात निरमा नव्हता. मग माल पुन्हा सोडला तो मागणी करणाऱ्या दुकानदारांना. सांगताना या गोष्टीला थोडा रंग चढला असेल, पण तिच्यातली चाल अगदी शहाणपणाची आहे. ज्या दुकानदाराकडे लोक नाव घेऊन मागायला येतात, त्याच्याशी रोखीची भाषा बोलता येते. जाहिरातीचा पहिला उपयोग इथे गिऱ्हाइकाला भुलवण्याचा नव्हता. दुकानदाराशी असलेलं नातं उलटवण्याचा होता. आणि हे जमलं, कारण तेव्हा निरमा दहा-बारा वर्षं लोकांच्या बादलीत होता. अनोळखी माल दुकानातून काढून घेतला असता, तर कोणाला पत्ताही लागला नसता.

जाहिरातीने आणखी एक काम केलं. सर्फच्या चौथाई किमतीची वस्तू विकत घेताना मनात एक खोच असते. आपण गरीब म्हणून हे घेतो, असं वाटतं. निरमाच्या जाहिरातीत गरिबीचा, काटकसरीचा स्वर नव्हता. नीटनेटकी घरं, हसऱ्या बायका, पांढरेशुभ्र कपडे. भाव दुकानात कळतच होता. जाहिरातीने मान दिला. स्वस्त मालाच्या जाहिरातीत स्वस्तपणा ओरडून सांगणारे आजही पुष्कळ आहेत, आणि गिऱ्हाइकाला चारचौघांत ओशाळं करून ते कसं टिकवणार, हे मला कळत नाही.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत निरमा खपात सर्फच्या पुढे गेला होता. लिव्हरचं पहिलं ठसठशीत उत्तर आलं ते 1984 च्या सुमारास, जाहिरातीतून. मुंबईच्या लिंटासमध्ये अॅलेक पदमसी यांनी ललिताजी घडवली. कविता चौधरी यांनी रंगवलेली ही गृहिणी भाजी घासाघीस करून घेते, पण पावडर सर्फच घेते, कारण अर्धा किलो सर्फ एक किलो स्वस्त पावडरीचं काम करतो असा तिचा हिशेब असतो. जाहिरात म्हणून ती अव्वल होती आणि आजही लोकांना आठवते. पदमसी सांगत, की ही कल्पना त्यांना स्वतःच्या आईवरून सुचली. ललिताजीमुळे सर्फची गिऱ्हाइकं टिकून राहायला मदत झाली असेल. पण वडीवरून पावडरीकडे निघालेल्या बाईला तिचा हिशेब लागू नव्हता. अर्धा किलो सर्फलाही तिला निरमाच्या एका किलोपेक्षा जास्तच पैसे मोजावे लागत होते.

खरं उत्तर आलं 1987 मध्ये, आणि ते व्हीलच्या रूपात. कंपनीत या मोहिमेचं नाव होतं स्टिंग. निरमाच्या वाढीला आळा घालण्याची योजना, या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरं. मग जो हिशेब आधी लिव्हरला अडवत होता, तो आता का अडवेना? कारण तो हिशेबच उलटला होता. आधी प्रश्न होता, आपणच आपलं गिऱ्हाईक 2 रुपयांवरून 25 पैशांवर का आणावं? आता सर्फची गिऱ्हाइकं आपणहून निरमाकडे निघाली होती. जे गिऱ्हाईक तसंही जाणारच, त्याचे 2 रुपये गेलेलेच असतात. त्याच्याकडून 25 पैसे मिळाले तर तो फायदाच. शिवाय समोर पसरलेला बाजार आता इतका प्रचंड झाला होता, की 25 पैशांनीही मोठी रक्कम उभी राहत होती.

नव्याने उतरणाऱ्याने याचं भान सतत ठेवायला हवं. आपली वाढ कुठून होते आहे? आजवर तो माल न वापरणाऱ्या घरांतून, की मोठ्या कंपनीच्या गिऱ्हाइकांतून? पहिल्या प्रकारची वाढ कितीही झाली तरी मोठी कंपनी स्वस्थ बसते. दुसऱ्या प्रकारची सुरू झाली, की तिच्या कचेरीत बैठका सुरू होतात. विक्रीचा आकडा दोन्ही वेळा सारखाच चढताना दिसतो. फरक कळायचा तर दुकानात उभं राहून विचारावं लागतं, ताई, याआधी काय वापरत होता?

व्हील काढताना लिव्हरने जे केलं, ते अभ्यासण्यासारखं आहे. तिने सर्फच्या कारखान्यातून सर्फचाच हलका माल काढला नाही. वेगळा खर्चाचा ढाचा उभारला. उत्पादन ठिकठिकाणच्या लहान कारखान्यांकडून करून घेतलं, वितरणाचा खर्च छाटला, किलोमागे थोडाच नफा आणि खप प्रचंड, हा निरमाचाच हिशेब स्वीकारला. सी. के. प्रल्हाद यांनी गरिबांच्या बाजाराविषयी पुढे जे लेखन केलं, त्यात हे उदाहरण ठळकपणे येतं. थोडक्यात, लिव्हरला निरमाशी लढायला निरमासारखं व्हावं लागलं.

पण नुसती नक्कल पुरली नसती. व्हीलने निरमाची एक खरी उणीव हेरली. ती आपण मघाशी अंगणात पाहिली होती, तो जास्तीचा सोडा. मळ तो काढतो, पण हातांना झोंबतो. रोज बादलीत हात घालणाऱ्या बाईच्या बोटांची कातडी सोलते, भेगा पडतात, हिवाळ्यात चुरचुर होते. कपड्याचा रंगही लवकर उतरतो. साडेतीन रुपयांत पावडर मिळते आहे या आनंदात सुरुवातीला हे कोणी बोलत नव्हतं. पुढे पावडर ही रोजची गोष्ट झाली आणि हात दिसू लागले. हिरव्या पाकिटातला, लिंबाचा वास असलेला व्हील जवळपास त्याच भावात आला, आणि हाताला आणि कपड्याला त्रास नाही असं सांगत आला. निरमाच्या यशाला कारण ठरलेल्या साधेपणातूनच ही फट निघाली होती.

ती निरमाने आधीच का बुजवली नाही? माल पुरेसा खपत असताना घटक बदलणं जिवावर येतं, भाव थोडा जरी वाढला तरी गिऱ्हाईक जाईल असं वाटतं, आणि तक्रार करणारी बाई तक्रार न करता दुसरी पावडर घेते. सर्फला साडेतीन रुपयांच्या पावडरीचं जे दिसलं नव्हतं, तेच निरमाला हाताच्या भेगांचं दिसलं नाही, असं मला वाटतं. धंद्यात पुढे असलेल्या कोणालाही आपल्या मालाबद्दलचा आवाज उशिरा ऐकू येतो.

एका बाबतीत मात्र करसनभाईंनी पुढची पावलं वेळेत उचलली. किंमत हेच बळ असेल, तर कच्चा माल ज्याच्या हातात त्याच्या हातात तुमची मान. निरमाने नव्वदच्या दशकात वडोदऱ्याजवळ आलिंद्रा इथे अॅसिड स्लरीसाठी लागणारं मूळ रसायन बनवण्याचा कारखाना उभारला आणि भावनगर जिल्ह्यात काळातळावला सोडा अॅशचा. 2007 मध्ये अमेरिकेतली सर्ल्स व्हॅली मिनरल्स ही सोडा अॅश आणि इतर खनिज रसायनं काढणारी कंपनीही घेतली. विजेशिवाय, फावड्याने चालणारा धंदा देशातल्या मोठ्या रसायन उद्योगात बदलला. अबकारीची सूट कधीतरी जाणार, हाताने मिसळणं कधीतरी अपुरं पडणार, हे ओळखून कमी खर्चाचं बळ अंगणातून खाणीपर्यंत नेलं. सरकारी सवलतीवर उभ्या राहिलेल्या कित्येक लहान धंद्यांना हे जमत नाही; सवलत गेली की ते जातात.

जे जमलं नाही ते दुसऱ्या टोकाला. लोकांच्या हातात पैसा आला, तशी पावडरीकडून अपेक्षा वाढली. निरमाने 1996 च्या सुमारास सुपर निरमा काढला, जरा वरच्या दर्जाचा. पण निरमा म्हणजे स्वस्त हे समीकरण लोकांच्या मनात इतकं पक्कं झालं होतं, की त्याच नावाची महाग पावडर घ्यायला हात धजेना. लिव्हरकडे वरच्या घरांसाठी सर्फ एक्सेल, मधल्यांसाठी रिन आणि खालच्या भावात व्हील, अशी चढती शिडी होती. एका कुटुंबाची परिस्थिती सुधारली तर ते व्हीलवरून रिनवर जायचं आणि पैसा लिव्हरच्याच गल्ल्यात पडायचा. निरमाकडचं कुटुंब सुधारलं की निरमा सोडायचं. म्हणून किमतीच्या बळावर उतरणाऱ्याने पहिल्याच दिवशी ठरवायला हवं, की आपलं गिऱ्हाईक उद्या बरं कमावू लागलं तर त्याला आपण काय विकणार, आणि ते याच नावाने विकणार की दुसऱ्या. दहा वर्षांनी हा विचार केला तर उशीर होतो.

आणि खालूनही कोणीतरी येतच असतं. कानपूरची घडी ही पावडर उत्तर प्रदेशात जोर धरत गेली. तिनेही एक भाग पक्का करायचा, मगच पुढच्या राज्यात जायचं, किंमत कमी आणि दर्जा त्या मानाने बरा ठेवायचा, हीच वाट धरली. 2012 च्या सुमारास घडीने पावडरीच्या खपात व्हीललाही मागे टाकलं. निरमाला नमवायला निघालेल्या व्हीलला निरमाच्याच पद्धतीने आलेल्या तिसऱ्याने गाठलं.

महाराष्ट्रात आज मसाले, तेल, फिनेल, पापड, सौंदर्यप्रसाधनं अशा नाना गोष्टी घेऊन बचत गट आणि तरुण उद्योजक बाजारात उतरत आहेत, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांच्या समोर एखादं मोठं नाव उभं आहे. त्यांना माझी विनंती आहे, की पाकिटाचं चित्र आणि घोषवाक्य ठरवण्याआधी एक संध्याकाळ काढून त्या मोठ्या कंपनीच्या जागी बसून हिशेब करा. आपला माल तिला दिसला तर ती काय करेल, ते करताना तिचे किती पैसे जातील, आणि ते न करता ती किती दिवस बसू शकेल? उत्तर देणं तिला स्वस्त पडत असेल, तर ती जागा सोडा आणि दुसरी शोधा. महाग पडत असेल तर तिथे उतरा, पण तिचा हिशेब उलटायला लागला आहे का, हे दर सहा महिन्यांनी पुन्हा मांडून पाहा.

निरमा समूह आज सिमेंट, सोडा अॅश आणि औषधांच्या धंद्यात मोठा आहे. लाफार्जचा भारतातला सिमेंटचा धंदा त्याने 2016 मध्ये विकत घेतला. ज्या पिवळ्या पावडरीवर हे उभं राहिलं, तिचा बाजारातला वाटा ऐंशीच्या दशकाच्या मानाने खूपच लहान आहे.